दहा माणसांचा शिधा

एका तरुण मित्राने आपल्या अद्भुत कादंबरीचं बाड वाचायला दिलं होतं. काळकडा नावाचा किल्ला, त्याला वर्षभर पडलेला वेढा, खाली मैदानात लाखभर फौज आणि वर जेमतेम पाचशे माणसं. तटाचं, दिंडीचं, रात्रीच्या मशालींचं वर्णन सुरेख होतं. वर्ष सरता सरता वरची माणसं चामडं उकळून खाऊ लागली होती, आणि खालची फौज मात्र पहिल्या दिवशी होती तशीच ताजीतवानी. मी समासात एवढंच लिहिलं: "हे लाख लोक काय खातात?" त्याचं उत्तर आलं, "आजूबाजूच्या गावांतून आणतात." मग एका रविवारी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी किल्ल्याचा हिशेब केला, कारण तो सोपा. पाचशे लढणारे आणि आसऱ्याला आलेली तीनशे बायकामुलं, म्हातारी धरली तर आठशे तोंडं. माणशी पाऊण किलो धान्य धरलं तर दिवसाला सहाशे किलो, आणि सहा महिन्यांना सुमारे १०८ टन. आकडा ऐकून मित्र दचकला. पण धान्याचा एक घनमीटर साडेसातशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे हे सगळं धान्य दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा एका कोठारात मावतं. पन्हाळ्याचा अंबरखाना ज्याने पाहिलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. त्या एका वास्तूपुढे उभं राहिलं की किल्ल्याला धान्याची फारशी भीती नसते, हे लगेच कळतं. पाण्याचंही तसंच. माणशी चार लिटर धरले तर सहा महिन्यांचं पाणी सोळा बाय बारा मीटरच्या आणि तीन मीटर खोलीच्या एका टाक्यात राहतं. उन्हाने उडणारं, गळणारं पाणी धरून दोन टाकी खोदा.

किल्ल्याला खरी अडचण येते ती जळणाची. चुलीवर शिजवायचं तर माणशी दिवसाला किलोभर लाकूड सहज लागतं, म्हणजे धान्यापेक्षा जळण जास्त. आणि ते धान्यासारखं कोठारात दाबून भरता येत नाही. म्हणून वेढा लांबला की आधी झाडं जातात, मग घरांचे वासे, मग दारं. पोतंभर ज्वारी शिल्लक आहे आणि ती शिजवायला काही नाही, असा प्रसंग चामडं उकळण्यापेक्षा कितीतरी खरा वाटेल, असं मी मित्राला सुचवलं. शिवाय चामडं उकळायलाही जळण लागतंच.

आता खालची फौज. लाखाचा आकडा आम्ही मुकाट्याने आठ हजारांवर आणला: सहा हजार पायदळ, दोन हजार स्वार. मित्राला वाटलं, काम झालं. पण फौज म्हणजे नुसते लढणारे नव्हेत. मोतद्दार, नालबंद, पखालजी, सुतार, लोहार, गवत कापणारे, बाजारातले वाणी, सरदारांचे आचारी आणि बायकापोरं हे सगळं लटांबर बरोबर असतं. आपल्याकडे त्यांना बाजारबुणगे म्हणून हिणवतात आणि पानिपताचं खापरही त्यांच्यावर फोडतात. पण त्यातले निम्मे लोक काढून टाकले तर घोड्यांना नाल कोण मारणार? आम्ही लढणाऱ्याला एक बिनलढणारा धरला. हा अंदाज कंजूषच आहे. म्हणजे सोळा हजार तोंडं. मैदानातली, अंगमेहनतीची माणसं, म्हणून माणशी एक किलो: दिवसाला सोळा टन. दोन हजार घोड्यांना प्रत्येकी चार किलो चंदी: आणखी आठ टन. एकूण चोवीस टन धान्य, रोज. गवत यात धरलेलंच नाही.

वर सहाशे किलो, खाली चोवीस हजार. वेढा घालणारा वेढ्यातल्याच्या चाळीसपट खातो. आणि त्याचं कोठार किल्ल्यात नाही, कुठेतरी दूर आहे. मित्राच्या नकाशावर ते सात मजलांवर निघालं, रोजची बारा किलोमीटरची चाल धरली तर साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. डोंगराळ मुलूख, गाड्या चालत नाहीत, तेव्हा लादलेले बैल. दख्खनेतल्या मोहिमांना धान्य पुरवणारे वंजारी याच पद्धतीने हजारो बैलांचे तांडे घेऊन फिरत. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो धरा. रोज चोवीस टन उतरायचं तर रोज २४० बैल छावणीत पोचले पाहिजेत. प्रत्येक बैलाला सात दिवस यायला, सात दिवस परत जायला. म्हणजे कुठल्याही दिवशी वाटेवर ३,३६० बैल चालत असले पाहिजेत, तेव्हा कुठे छावणीत चूल पेटते.

इथवर मित्र उत्साहाने लिहून घेत होता. मग मी विचारलं, "बैल काय खातात?"

तांड्याची सगळी किमया यात होती की बैल वाटेवर चरत. चरणारा बैल हळू चालतो, पण पाठीवरच्या गोणीला तोंड लावत नाही. आता त्याच वाटेने रोज २४० बैल जाताहेत आणि तितकेच परत येताहेत. महिन्याभरात त्या वाटेच्या दोन्ही अंगांचं गवत संपतं. मग बैलाला त्याची वैरण त्याच्याच पाठीवरून न्यावी लागते. अगदी हात आखडून दिवसाला पाच किलो दिली, तरी चौदा दिवसांच्या फेरीत सत्तर किलो वैरण झाली. शंभरातले सत्तर बैलाचे, छावणीला तीस. आधी २४० बैल पुरत होते, आता रोज आठशे लागतात, आणि वाटेवर एका वेळी ११,२०० बैल. कोठार दहा मजलांवर असतं तर वीस दिवसांची फेरी, शंभर किलो वैरण, आणि छावणीत बैल पोचतो तो रिकाम्या गोणीनिशी. शत्रूने काहीही केलेलं नाही. एक बाण सुटलेला नाही. गवत संपलं, एवढंच झालं.

हे गणित एकदा कळलं की कथेतल्या कितीतरी गोष्टी आपोआप ठरतात. वेढ्याला मुदत येते, आणि ती किल्ल्यातल्या धान्याची नसून खालच्या गवताची असते. नदी जवळ असेल तर सगळंच पालटतं, कारण नाव चारा खात नाही. म्हणून नदीवरचा एखादा क्षुल्लक उतार किल्ल्याच्या बुरुजापेक्षा मोलाचा होतो. तांडेवाल्यांचा नाईक सेनापतीला अरेरावी करू शकतो, कारण तो कुणाचा चाकर नाही. रोख पैसे थकले तर तो वळतो. आणि गोष्टीतला शहाणा शत्रू छावणीवर हल्ला करायला जातच नाही, तो वाटेवर जातो.

जिंजीला हेच झालं. मोगलांचा सेनापती झुल्फिकारखान १६९० मध्ये राजाराम महाराज असलेल्या जिंजीच्या किल्ल्यापुढे जाऊन बसला. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट एवढा पसारा पुरता आवळणं त्याला कधी जमलंच नाही. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव कर्नाटकात उतरले. त्यांनी भोवतालची ठाणी झोडपली, कांचीचा फौजदार अलीमर्दानखान पकडला, आणि मोगल छावणीकडे येणारी रसद तोडली. वेढा घालणारेच वेढ्यात सापडले. धान्य महाग झालं, मग मिळेनासं झालं, आणि बादशहा वारल्याच्या अफवा उठल्या. शेवटी १६९३ च्या सुरुवातीला झुल्फिकारखानाने अवजड तोफा निकामी करून टाकल्या आणि फौज वांदिवाशला मागे नेली. किल्ला पडला तो पुढे १६९८ मध्ये, आणि तोवर राजाराम महाराज निसटून गेलेले होते.

याच प्रकरणात दुसरी एक गोष्ट आहे, ती लेखकाच्या फार कामाची. छावणीत नावाला वरचढ होता तो शहजादा कामबक्ष. खरी फौज झुल्फिकारखानाच्या हाती. आणि झुल्फिकारचा बाप असदखान हा साम्राज्याचा वजीर, तोही तिथेच. उपासमार सुरू झाली तसा शहजाद्याने मराठ्यांशी परस्पर बोलणं लावलं, आणि बाप-लेकांनी बादशहाच्या मुलालाच कैद केलं. भरल्या पोटी ही तीन माणसं एकमेकांना लवून मुजरे करत राहिली असती. रसद तुटली आणि कोणाचा हुकूम कोणावर चालतो हा प्रश्न उघडा पडला.

मित्राच्या कादंबरीत हा प्रश्न उभाच राहत नव्हता, कारण तिथे एक सेनापती होता आणि त्याच्याखाली थेट 'सैनिक'. मधल्या पायऱ्याच नव्हत्या. नवे लेखक हुद्दे ठरवायला बसले की वरून सुरुवात करतात: महासेनापती, उपसेनापती, कृष्णध्वजाचा रक्षक वगैरे. नावं भारदस्त होतात आणि त्या माणसाला सकाळी उठून नेमकं काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नसतं. मी म्हटलं, खालून सुरू कर, एका भांड्यापासून. एका भांड्यात शिजलेलं किती जण खातात? दहा. मग त्या दहांचा शिधा आणायला जातो तो पहिला हुद्देदार.

शिवकाळातली रचना सभासदाने सांगितली आहे, तिच्याकडे या नजरेने पाहिलं की ती एकदम जिवंत होते. पायदळात दहा माणसांमागे एक नाईक. पाच नाईकांवर हवालदार. दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. दहा जुमल्यांवर हजारी. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला. म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय सैन्याच्या सांगाड्यातच बसवलेली आहे, ती ऐनवेळी कुणी आठवायची गोष्ट नव्हे. शिवाय जुमलेदाराबरोबर सबनीस, म्हणजे हजेरी आणि हिशेब ठेवणारा. तलवार एकाच्या हाती, वही दुसऱ्याच्या. किल्ल्यावर तर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे बरोबरीचे, आणि कोठार व दारूगोळा पाहणारा कारखानीस वेगळा. एकाच्या मनात आलं म्हणून किल्ला शत्रूच्या घशात जाऊ नये हा हेतू उघड आहे. कादंबरीकाराला मात्र त्यात चार माणसांचं नाटक मिळतं: दरवाजा उघडायचा तर किती जणांना फितवावं लागेल?

आम्ही ही नावं जशीच्या तशी उचलली नाहीत. मित्राचं जग वेगळं, तिथे हवालदार म्हटलं की वाचकाला कोपऱ्यावरचा पोलीस दिसायचा. पण पायऱ्या घेतल्या आणि प्रत्येक पायरीला एक काम आणि एक नकाराधिकार दिला. दहाचा म्हातारा शिधा आणतो. पन्नासाचा माणूस पहारे लावतो. दीडशेच्या माणसाला गवताच्या फेरीवर माणसं पाठवायचा हक्क, आणि त्याच्या वहीवाल्याला 'तुझी दीडशे माणसं नाहीत, एकशे बारा आहेत' असं म्हणायचा हक्क. हा शेवटचा हक्क फार महत्त्वाचा. मोगलांकडे मनसबदार जितके स्वार कागदावर दाखवत तितके मैदानात नसत, म्हणून घोड्यांना डाग द्यायची आणि स्वारांचं चेहऱ्याचं वर्णन लिहून ठेवायची पद्धत होती, तरीही चोऱ्या चालतच. मित्राच्या सेनापतीला आता आपल्याकडे किती फौज आहे हे नक्की माहीत नाही. वरून पाहणाऱ्या किल्लेदाराला मात्र माहीत आहे, कारण त्याचा हेर रोज संध्याकाळी खालच्या चुली मोजतो.

गवताची फेरी हा वेढ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. जुन्या कागदांत तिला कही म्हणतात. दोन हजार घोड्यांना धान्याखेरीज रोज सहा-सहा किलो सुकं गवत धरलं तर बारा टन होतं. माणसाच्या डोक्यावर पंचवीस-तीस किलोचा भारा बसतो, म्हणजे रोज चार-साडेचारशे माणसं भारे आणायला बाहेर. पहिल्या आठवड्यात ती छावणीच्या हाकेवर कापतात. तिसऱ्या आठवड्यात पाच किलोमीटरवर. सहाव्या आठवड्यात जाऊन यायला दिवस पुरत नाही, आणि बरोबर शे-दोनशे स्वारांचं संरक्षण द्यावं लागतं. त्या स्वारांचे घोडे दिवसभर चालून आणलेल्या गवतातलं बरंचसं स्वतःच खातात. मग चंदी निम्मी होते. निम्म्या चंदीवरचा घोडा उभा राहतो, चालतो, पण दौडत नाही, आणि हे लढाईच्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मित्राच्या बाडात सत्तराव्या दिवशी स्वारांचा एक घणाघाती हल्ला होता. तो आम्ही ठेवला, फक्त घोडे अर्ध्या वाटेत धापा टाकत थांबतात एवढं घातलं. ते पान आता पूर्वीच्या दहा पानांपेक्षा भयानक आहे.

दोन ड्रॅगनांचा प्रश्न उरलाच होता. मी आधी त्यांच्या खाण्याचा हिशेब मांडला: हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा लागतो, तेव्हा मांसाहारी आणि उडणाऱ्या जनावराला दोन दिवसांना एक बैल तरी हवाच. पण हा खर्च तीन हजार बैलांच्या मानाने किरकोळ निघाला. खरा घोटाळा वासाचा. ड्रॅगनचा वास आला की बैल बुजणार, दोर तोडणार, आणि तांडेवाले छावणीच्या तीन किलोमीटर अलीकडेच गोण्या उतरवून परत फिरणार. तिथून चोवीस टन धान्य माणसांच्या डोक्यावरून आणायचं, पंचवीस किलोची एक खेप धरली तर रोज ९६० खेपा. ड्रॅगन ठेवायचा तर हजारभर हमाल ठेवावे लागतात, हे मित्राला मनापासून आवडलं. जादूगाराला मात्र आम्ही धान्य निर्माण करू दिलं नाही. तसं केलं असतं तर आमचा सगळा रविवार पाण्यात गेला असता. त्याला फक्त गोण्या कोरड्या ठेवता येतात, आणि त्याही एका वेळी तीस-चाळीस.

कोरड्या गोण्यांचं महत्त्व पावसाळ्यात कळतं. औरंगजेबाने १७०१-०२ मध्ये विशाळगडाला वेढा घातला. किल्ला अखेर पैसे मोजून हाती आला, पण तोवर पाऊस लागला होता. परतीला पन्हाळ्यापर्यंतची पन्नास-साठ किलोमीटरची वाट तुडवायला त्या फौजेला महिन्याहून जास्त लागला. ओढ्यांना पूर, तंबू भिजून दुप्पट जड, जनावरं चिखलात रुतून मेलेली. जिंकलेली फौज होती ती. लेखकाने वेढ्याची किंमत दाखवायची तर विजयानंतरची ही वाट वगळू नये, असं मला वाटतं. बहुतेक जण निशाण चढलं की प्रकरण संपवतात.

रोगराईचं फार सांगत नाही. सोळा हजार माणसं आणि हजारो जनावरं एकाच ओढ्याकाठी दोन महिने राहिली की त्या ओढ्याचं काय होतं ते सांगावं लागत नाही. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने १४१५ मध्ये फ्रान्समधलं आर्फ्लर जेमतेम पाच आठवड्यांत घेतलं, आणि तेवढ्यात हगवणीने त्याची फौज पोखरून टाकली. पाच आठवडे म्हणजे काही फार नव्हे. काळकड्याला आम्ही तीन महिने दिलेत.

मात्र माणसं मरतात हे दाखवायचं कसं, यावर आमचा वाद झाला. मित्राला चितांचं वर्णन हवं होतं. रोज चिता म्हटल्या की चौथ्या दिवसापासून वाचक पान उलटतो. मग आम्ही पुन्हा त्या दहा जणांच्या भांड्याकडे आलो. दहाचा म्हातारा रोज पहाटे कोठीवर जातो, दहा मापं ज्वारी घेतो, वहीवाला खूण करतो. एक दिवस त्याच्यातला एक जण रात्री हगवणीने जातो. म्हातारा त्याला मागच्या ओहोळात मुकाट पुरतो आणि सकाळी कोठीवर जाऊन दहाच मापं मागतो. नऊ जणांना दहांचं मिळतं, निम्म्या शिध्याच्या दिवसांत ही चैनच. दुसरा जातो, तिसरा जातो. मापं दहाच राहतात. वर सेनापतीच्या कागदावर फौज पुरी आठ हजार आहे, आणि त्याच भरवशावर तो उद्याचा एल्गार ठरवतो.

मित्राने हे प्रकरण वहीवाल्याच्या नजरेतून लिहिलं. विशीतला पोरगा, मोडक्या तंबूत बसलेला, समोर रांग. म्हातारा येतो, पिशवी पुढे करतो, "दहा" म्हणतो. पोराने काल संध्याकाळी स्वतः त्या भांड्याभोवतीची माणसं मोजलेली असतात. सहा होती. तो म्हाताऱ्याकडे बघतो, म्हातारा पिशवीकडे बघतो, मागे रांग खोकत उभी असते. पोरगा बोरू शाईत बुडवतो आणि दहा लिहितो.